अपूर्णांकांचे तीन आठवडे

अमेरिकेतल्या एका शाळेत दर वर्षी तिसरीचे सगळे वर्ग दोन आठवडे सफरचंदांत रमतात. बिया पेरत हिंडणाऱ्या जॉनी ॲपलसीडची गोष्ट मुलं वाचतात, पानांची चित्रं चिकटवतात, सफरचंदाची गाणी म्हणतात. सॉस करायचा म्हणून साहित्याचं प्रमाण वाढवून काढतात. शेवटी फळबागेत सहल जाते. सगळे खूश असतात. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या दोन शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अंडरस्टँडिंग बाय डिझाइन’ या पुस्तकाच्या सुरुवातीलाच हे वर्णन दिलं आहे, आणि मग एक अवघड प्रश्न विचारला आहे. या दोन आठवड्यांत मुलं नेमकं काय शिकली, आणि ती शिकली हे कशावरून कळलं?

उपक्रम छान होते, साहित्य भरपूर होतं, मुलंही गुंतली होती. तरी उत्तर देता येत नाही, कारण ठरवण्याची सुरुवातच उपक्रमांपासून झाली होती. याच पुस्तकात याच्या उलट टोकाची चूकही आहे. वर्ष संपत आलं म्हणून एक शिक्षक पाठ्यपुस्तकाची पानं भराभर उरकत सुटतो. तिथे पानं संपतात, शिकणं मात्र झालेलं असतंच असं नाही.

यावर त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे क्रम बदलणं. मुलांना काय यायला हवं ते आधी ठरवायचं. ते आलं हे कशावरून ओळखायचं ते त्यानंतर ठरवायचं. उपक्रम आणि साहित्य यांचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. या विचाराचं मूळ आणखी जुनं आहे. शिकागो विद्यापीठाच्या राल्फ टायलर यांनी १९४९ साली अभ्यासक्रमाबद्दल चार प्रश्न मांडले होते: काय साधायचं, त्यासाठी कोणते अनुभव द्यायचे, ते कोणत्या क्रमाने लावायचे आणि साधलं की नाही हे कसं कळणार. विगिन्स आणि मॅकटाय यांनी चौथा प्रश्न उचलून दुसऱ्या जागी नेला. बदल एवढासाच, पण त्याने नियोजनाच्या वहीचं सगळं रूप पालटतं.

आपल्याकडच्या शिक्षकांना नियोजनाचे तीन थर परिचयाचे आहेत. जूनमध्ये वार्षिक नियोजन होतं आणि रोजच्या तासिकेसाठी टाचण असतं. या दोहोंच्या मध्ये घटक नियोजन येतं, आणि तेच सगळ्यात दुर्लक्षित राहतं. वार्षिक नियोजनात एका घटकाच्या वाट्याला एखादी ओळ येते, तर टाचणात फक्त आजचा दिवस दिसतो. एखादी गोष्ट मुलाच्या डोक्यात रुजायला, चुकायला आणि दुरुस्त व्हायला लागतो तेवढा काळ मधल्या थरातच मावतो. तीन आठवड्यांचा तुकडा त्यासाठी सोयीचा आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० कामाचे दिवस ठरवले आहेत. त्यातले अठरा दिवस म्हणजे वर्षाचा अकरावा हिस्सा, चुकायला जागा ठेवण्याइतका मोठा आणि डोळ्यांसमोर राहण्याइतका लहान.

असं नियोजन प्रत्यक्षात कसं उभं राहतं ते एका घटकावर पाहू. समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेतला पाचवीचा वर्ग आहे. मुलं अठ्ठावीस. विषय गणित, घटक अपूर्णांक. रोज एक तासिका धरली तर तीन आठवड्यांत अठरा मिळतात.

यायला काय हवं?

एनसीईआरटीने २०१७ साली प्राथमिक स्तरासाठी इयत्तावार अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध केल्या. शिकून झाल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे याची ती यादी आहे. पाचवीच्या गणितात अपूर्णांकांशी थेट जोडलेल्या तीन गोष्टी त्यात सापडतात. दिलेल्या अपूर्णांकाचे सममूल्य अपूर्णांक ओळखता आणि तयार करता यावेत. एखाद्या समूहाचा दिलेला भाग म्हणजे किती वस्तू, ते काढता यावं. आणि १/२, १/४, १/५ असे अपूर्णांक दशांश रूपात लिहिता यावेत, विशेषतः लांबी आणि पैसे यांच्या संदर्भात.

तीनच उद्दिष्टं, आणि तीही क्रियापदांत लिहिलेली: ओळखणं, तयार करणं, काढणं, लिहिणं. ‘अपूर्णांकाची संकल्पना समजेल’ असं वाक्य नियोजनात लिहिलं तर ते तपासता येत नाही. ‘२/३ इतकाच दुसरा अपूर्णांक तयार करील आणि तो तितकाच का ते दाखवील’ हे तपासता येतं. नियोजनाचं अर्धं काम या पहिल्या रकान्यातल्या क्रियापदावर अवलंबून असतं.

इथेच एक कठोर निर्णय घ्यावा लागतो. वेगवेगळ्या छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज याच तीन आठवड्यांत घ्यायची का? मोह होतो, कारण पाठ्यपुस्तकात ती जवळच असते. पण १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिणारी मुलं बेरजेत चुकत नसतात. त्यांना छेद म्हणजे काय हेच उमगलेलं नसतं, आणि सममूल्य अपूर्णांक पक्के झाल्याशिवाय ती चूक जात नाही. म्हणून बेरीज पुढच्या घटकात ढकलणंच योग्य. काय शिकवायचं नाही हेही नियोजनाने सांगायला हवं.

उद्दिष्टांचा क्रमही मनाला येईल तसा लावता येत नाही. १/५ दशांशात लिहायचा तर त्याचा २/१० करावा लागतो, १/४ चा २५/१०० करावा लागतो. म्हणजे दशांश रूप हे सममूल्य अपूर्णांकाचंच पुढचं पाऊल आहे. पहिल्या आठवड्यात राहिलेली कच्ची जागा तिसऱ्या आठवड्यात डोकं वर काढणार, हे नियोजन करतानाच दिसतं.

चाचणी आधी लिहायची

आता दुसरी पायरी. तीन आठवड्यांच्या अखेरीस द्यायची घटक चाचणी पहिल्या तासिकेच्या आधीच लिहून ठेवायची. अनेक शिक्षकांना हे विचित्र वाटतं, कारण शिकवून झाल्यावर त्यातून प्रश्न काढायचे ही आपली सवय. पण प्रश्न आधी लिहिले की उद्दिष्टातला धूसरपणा लगेच उघडा पडतो. शिवाय प्रश्नांतले आकडे विचारपूर्वक निवडायला वेळ मिळतो, आणि अपूर्णांकांत आकड्यांची निवड फार महत्त्वाची असते.

तुलनेचा प्रश्न घ्या. ३/४ आणि २/३ यांतला मोठा कोणता? बहुतेक मुलं ३/४ म्हणतील आणि पूर्ण गुण मिळवतील. पण ‘तीन दोनापेक्षा मोठा, चार तीनापेक्षा मोठा, म्हणून हा मोठा’ असा विचार करणारं मूलही तेच उत्तर देतं. चुकीच्या वाटेने गेलं तरी बरोबर मुक्कामी पोचवणारा हा प्रश्न आहे. त्याऐवजी २/३ आणि ५/८ विचारावेत. इथे आकड्यांकडे पाहणारं मूल ५/८ म्हणेल, तर भागांचा विचार करणारं मूल २/३ म्हणेल. आता चुकीचं उत्तरही शिक्षकाला काहीतरी सांगतं.

समूहाच्या भागाचंही तसंच. २४ चिंचोक्यांचे ३/८ किती, असा प्रश्न सरळ दिसतो. उत्तर ९. एखाद्याने ३ लिहिलं तर? त्याने २४ ला ८ ने भागलं आणि तिथेच थांबला, की अपूर्णांकातला वरचा आकडा नुसता उतरवला? सांगता येत नाही, कारण दोन्हीकडून ३ च येतात. तेच २० चिंचोक्यांचे ३/५ विचारले तर बरोबर उत्तर १२, भागाकारावर थांबणाऱ्याचं ४ आणि नुसता अंश उतरवणाऱ्याचं ३ येतं. तीन उत्तरांमागे तीन वेगळी कारणं.

सममूल्यासाठी २/३ बरोबर किती षष्ठांश, हा प्रश्न फार कामाचा आहे. बरोबर उत्तर ४. पण ३ चे ६ करायला ३ मिळवले, म्हणून वरही ३ मिळवायचे, असं मानणारं मूल ५ लिहितं. गुणायच्या जागी मिळवण्याची ही चूक अपूर्णांकांत अतिशय चिवट असते. तिसऱ्या आठवड्यात हेच मूल १/५ चे दहांश करताना ५ मिळवून ६/१० करील आणि ०.६ लिहील. दशांशाच्या प्रश्नात ०.६ दिसलं की शिक्षकाने दशांश पुन्हा शिकवू नये. पहिल्या आठवड्याकडे परत जावं.

गुणांची विभागणीही आत्ताच ठरते. समजा चाचणी २० गुणांची आहे. सममूल्य आणि तुलना यांना ८, समूहाच्या भागाला ६, दशांशाला ६. शिक्षक याला संविधान तक्ता म्हणतात. उत्तरपत्रिकेवर एकूण गुणांशेजारी हे तीन आकडे वेगळे लिहायला हवेत. दोन मुलांना १४ गुण आहेत असं समजा. एकाचे ८, ६ आणि ०. दुसऱ्याचे ५, ५ आणि ४. पहिल्याला दशांश सोडून सगळं येतं, बहुधा तो त्या दिवसांत गैरहजर असावा. दुसऱ्याला सगळंच थोडंथोडं येतं, आणि त्याची अडचण जास्त खोल आहे. नुसत्या १४ या आकड्यात ही दोन्ही मुलं सारखीच दिसतात.

सगळं लेखीवर सोडायचंही कारण नाही. महाराष्ट्रात ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आणि आकारिक मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय अशी साधनं शिक्षकांच्या हाती दिली. ‘का ते सांग’ या प्रकारचा पुरावा तोंडी कामातूनच चांगला मिळतो. घरी गोंडी, पावरी किंवा भोजपुरी बोलणारं मूल कागदावर मराठीत कारण लिहू शकत नाही, पण दोन पट्ट्या शेजारी ठेवून बोटाने दाखवतं. त्या मुलाची लेखी परीक्षाच घेतली तर मोजली जाते ती त्याची मराठी, अपूर्णांक नव्हे.

चोवीस सेंटिमीटरची पट्टी

उद्दिष्टं आणि पुरावा ठरल्यावर साहित्याचा विचार सोपा होतो, कारण आता निकष हाताशी असतो. भाकरीचे किंवा पोळीचे तुकडे अपूर्णांकासाठी सर्रास वापरतात. अर्धा आणि पाव यांना ते ठीक आहेत. पण गोलाचे तीन किंवा पाच सारखे भाग मुलांना करता येत नाहीत, आणि भाग सारखे नसतील तर २/३ आणि ४/६ जुळतच नाहीत. म्हणून या घटकासाठी सरळ कागदी पट्टी उत्तम.

पट्टी किती लांब हवी? हाताला येईल ती फूटपट्टी पाहून ३० सेंटिमीटर घेतली तर चतुर्थांश साडेसात सेंटिमीटरचा होतो आणि अष्टमांश ३.७५ चा. मुलांना ते आखता येत नाही. २४ सेंटिमीटर घेतली की दोन भाग १२ चे, तीन भाग ८ चे, चार ६ चे, सहा ४ चे, आठ ३ चे आणि बारा २ चे. सगळे पूर्णांकात. २/३ म्हणजे १६ सेंटिमीटर आणि ५/८ म्हणजे १५. चाचणीतली ती जोडी पट्टीवर एका सेंटिमीटरने वेगळी दिसते.

खर्चही नगण्य आहे. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणून ३ सेंटिमीटर रुंदीच्या सात पट्ट्या एका कागदात बसतात. एक अख्खी आणि दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा भागांच्या सहा, अशा सातच लागतात. मुलामागे एक कागद, म्हणजे वर्गाला अठ्ठावीस. पट्ट्या भागांवर कापायच्या नाहीत, नुसत्या आखायच्या. तुकडे झाले की ते हरवतात, आणि तुकडा कोणत्या अख्ख्याचा हे मूल विसरतं. घडी घालून भाग करणंही अर्धा, पाव आणि अष्टमांश यांपुरतंच ठेवावं. तीन घड्या अदमासे पडतात. एक तृतीयांश साडेसात सेंटिमीटरचा झाला, तर दोन षष्ठांशांशी तो जुळणार नाही आणि मूल खरं तेच नाकारून बसेल.

पंचमांशाला मात्र चोवीस चालत नाहीत. दशांशाच्या आठवड्यासाठी २० सेंटिमीटरची वेगळी पट्टी लागते: पाच भाग ४ चे, दहा भाग २ चे. यातून एक चांगली संधी मिळते. जुन्या पट्टीचा अर्धा आणि नव्या पट्टीचा अर्धा शेजारी ठेवून विचारायचं, दोन्ही अर्धेच, मग एक १२ आणि एक १० का? कशाचा अर्धा, हा अपूर्णांकांतला सर्वांत मूलभूत प्रश्न मुलांच्या तोंडून येतो.

समूहासाठी चिंचोके. चार मुलांचे सात गट, प्रत्येकाला वीस. दशांशासाठी अध्ययन निष्पत्तीत पैशांचा उल्लेख आहे, पण पंचवीस पैशांचं नाणं २०११ साली चलनातून गेलं आणि पन्नास पैसे मुलांनी क्वचितच हाताळलेले असतात. त्यांच्या अनुभवात नसलेल्या पैशांनी दशांश शिकवणं अवघड जातं. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा मात्र सगळ्यांनी पाहिलेला असतो. पाव किलो साखर ठेवली की तिथे ०.२५० दिसतं, अर्धा किलोला ०.५००, पाऊण किलोला ०.७५०. पाव, अर्धा, पाऊण मुलांना घरातूनच येतात. त्यांचं दशांश रूप काट्यावर रोज उमटत असतं. त्याच्या जोडीला शिंप्याची मीटर टेप असली की पुरे: पाव मीटर म्हणजे २५ सेंटिमीटर, म्हणजे ०.२५ मीटर.

अठरा तासिका

अठरापैकी पंधराच भरायच्या. उरलेल्या तीन मोकळ्या सोडायच्या आणि त्या कुठे येतात हेही आधीच ठरवायचं.

पहिल्या दिवशी वीस मिनिटांची पूर्वचाचणी. चार असमान भाग केलेल्या आयताचा एक भाग रंगवून विचारायचं, हा १/४ आहे का? १/४ आणि १/८ यांतला मोठा कोणता, चित्र काढून दाखव. बारा चिंचोक्यांचे पाऊण किती? या प्रश्नांना गुण नसतात. असमान भागांनाही १/४ म्हणणारी मुलं दहा-बारा निघाली, तर पट्ट्या आखण्याला दोन दिवस देणं योग्य ठरतं. दोन-तीनच निघाली तर एक दिवस पुरतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तासिकेत पट्ट्या तयार होतात. हे काम म्हणजे नुसती तयारी नव्हे, २४ चे सारखे तीन भाग किती सेंटिमीटरचे हे मूल स्वतः काढत असतं. चौथ्या दिवशी पट्ट्या एकाखाली एक ठेवून कोणत्या रेघा जुळतात ते शोधायचं आणि जोड्या वहीत लिहायच्या. १/२ खाली २/४, ३/६, ४/८, ६/१२ अशी रांग लागते. पाचव्या दिवशी त्या रांगेकडे पाहून नियम मुलांनी सांगायचा. शिक्षकाने तो घाईने फळ्यावर लिहिला की चार दिवसांचं काम फुकट जातं.

शनिवारी सकाळच्या शाळेत दोन प्रश्नांची चिठ्ठी. २/३ बरोबर किती षष्ठांश? का ते चित्राने दाखव. दहा मिनिटं. अठ्ठावीस चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करायला शिक्षकाला पंधरा मिनिटं लागतात: उत्तर आणि कारण दोन्ही बरोबर, उत्तर बरोबर पण कारण नाही, आणि उत्तर ५.

सोमवारची सातवी तासिका मोकळी ठेवली होती ती याचसाठी. ज्यांनी ५ लिहिलं त्यांना घेऊन शिक्षक पट्ट्यांवर बसतो आणि ५/६ खरंच २/३ शी जुळतो का ते तपासायला लावतो. एक १६ वर संपतो, दुसरा २० वर. बाकीची मुलं जोडीजोडीने अवघड जोड्या शोधतात. ही तासिका राखून ठेवलेली नसेल तर चिठ्ठीचा काहीच उपयोग नाही. चूक कळते, पण तिच्यासाठी वेळ नसतो आणि वर्ग पुढे सरकतो. मूल्यमापन नोंदवहीत साठतं आणि शिकवण्यापर्यंत पोचत नाही, यामागचं सर्वांत मोठं कारण हेच असावं.

आठवी-नववी तासिका तुलनेला. एक दिवस पट्ट्या घेऊन, दुसरा दिवस पट्ट्यांशिवाय. या दुसऱ्या दिवसाची गरज अनेकदा विसरली जाते. ज्याला पट्टी समोर असतानाच उत्तर येतं, त्याला अजून अपूर्णांक आलेला नसतो. इथे ३/४ आणि ५/६ ही जोडी घेऊन पाहावी. ‘दोघांत एकेकच भाग कमी आहे, म्हणून सारखे’ असं म्हणणारी हुशार मुलं हमखास निघतात. कमी असलेला भाग केवढा, हे त्यांनाच शोधायला सांगावं. दहावी आणि अकरावी तासिका चिंचोक्यांना, बारावीला दुसरी चिठ्ठी, तेरावी पुन्हा मोकळी. चौदावी आणि पंधरावी दशांशाला.

घटक चाचणी सोळाव्या तासिकेला, शेवटच्या दिवशी नव्हे. सतराव्या दिवशी उत्तरपत्रिका मुलांच्या हातात असाव्यात आणि एकाच प्रकारची चूक केलेली मुलं एका गटात बसलेली असावीत. अठरावी तासिका राहिलेल्यांना तोंडी दुसरी संधी देण्यासाठी. यात पाऊस, केंद्रस्तरीय शिक्षण परिषद किंवा निवडणुकीचं काम आलं, तर मोकळ्या तीनपैकी एखादी जाते. उपक्रमांच्या तासिका शाबूत राहतात. तिन्ही गेल्या तर चाचणी पुढे ढकलावी, पण सतरावी तासिका सोडू नये.

रकाने आडवे वाचावेत

कागदावर हे सगळं चार रकान्यांच्या तक्त्यात बसतं: उद्दिष्ट, पुरावा, उपक्रम, साहित्य. तक्ता भरून झाला की तो आडवा वाचायचा. ‘सममूल्य अपूर्णांक तयार करील’ या ओळीत पुढे चिठ्ठी आणि चाचणीतला प्रश्न आहे, रेघा जुळवण्याचा उपक्रम आहे, २४ सेंटिमीटरची पट्टी आहे. ओळ पूर्ण. एखाद्या ओळीत पुराव्याचा रकाना रिकामा असेल, तर ते उद्दिष्ट शिकवलं जाईल पण कोणी पाहणार नाही. उपक्रमाचा रकाना रिकामा असेल तर न शिकवलेलंच विचारलं जाईल.

मग उभं वाचायचं. उपक्रमांच्या रकान्यातला एकेक उपक्रम मनात खोडून पाहायचा. तो गेल्यावर एकही ओळ उघडी पडत नसेल तर तो या घटकाचा नाही. अपूर्णांकांचे रंगीत पतंग करणं मुलांना आवडतं, पण त्यात रंगवण्यालाच पाऊण तास जातो. त्याची जागा कार्यानुभवाच्या तासिकेत आहे.

या आखणीला मर्यादाही आहेत. द्विशिक्षकी शाळेत एकच शिक्षक तिसरी, चौथी आणि पाचवी एकत्र सांभाळतो. तिथे पाचवीच्या वाट्याला तासिकेतली पंधराच मिनिटं येतात. तीन आठवड्यांचं हे नियोजन तिथे जसंच्या तसं उतरणार नाही. उद्दिष्टांपैकी दशांश पुढच्या घटकात न्यावं लागेल, आणि पट्ट्यांची कामं मुलांना शिक्षकाशिवाय करता येतील अशा कार्डांवर लिहावी लागतील, मागे उत्तर देऊन. कितीही नीट आखलं तरी कोणती मुलं कुठे अडतील हे आधी सांगता येत नाही. म्हणून तक्त्याच्या उजवीकडे एक पाचवा, कोरा रकाना ठेवावा आणि रोज त्यात एक ओळ लिहावी: ‘तृतीयांश आखायला अपेक्षेपेक्षा दुप्पट वेळ लागला’, ‘३/४ आणि ५/६ ला नऊ मुलांनी सारखे म्हटलं’. पुढच्या वर्षी पाचवीला येणाऱ्या शिक्षकाला कोणत्याही मार्गदर्शिकेपेक्षा हा रकाना जास्त उपयोगी पडेल.

पालकांनाही यात एक काम आहे. पालकसभेत मुलाला किती गुण पडले हे विचारून थांबू नये. घटक चाचणीची उत्तरपत्रिका मागावी, प्रत्येक उद्दिष्टाचे गुण वेगळे लिहिले आहेत का ते पाहावं, आणि चाचणीनंतर त्या चुकांवर वर्गात कोणत्या दिवशी काम झालं ते विचारावं.